आईला घेऊन दोन रात्री नागावला

प्रिय मुला,

स्मरणाचा आजार असलेल्या आईला सुट्टीवर न्यायचा तुझा बेत वाचला. आईचं माहेर गुहागरचं, तेव्हा पाच दिवस तिकडेच जाऊन राहायचं, हे तुला सुचणं साहजिक आहे. मी मात्र नको म्हणेन. दादरहून आख्खा दिवस गाडीत बसणं ही त्यातली लहान अडचण. मोठी अडचण त्या घराचीच आहे. माजघर पाडून तिथे स्लॅब पडला, मागची पडवी गेली, आता मामांचा मुलगा आणि त्याची बायकामुलं राहतात, असं तूच लिहिलंयस. या आजारात कालपरवाचं आधी पुसतं आणि जुनं बराच काळ शाबूत राहतं. त्यामुळे तिच्या मनातलं घर तिच्या लहानपणीचं आहे. त्या ओटीवर पाऊल ठेवलं की ती पडवी शोधणार, न्हाणीघर शोधणार आणि कदाचित तिच्या आईलाही शोधणार. मग "आजी जाऊन कितीतरी वर्षं झाली" हे तिला कुणीतरी सांगायचं आणि तिने ते नव्याने ऐकून रडायचं. सुट्टी कशाला हवी असली?

ओळखीचं गाव नको, ओळखीसारखं गाव शोध. तिथे तिला काही आठवावं लागत नाही, तरी सगळं सवयीचं वाटतं. तिच्यासाठी ते काय आहे? सुपारीची वाडी, विहीर, दारात तुळस, दुपारी आमसुलाचं सार, लांबून समुद्राचा आवाज. हे सगळं अलिबागपलीकडे नागावला मिळतं. तिथे वाड्यांमध्ये घरगुती राहण्याची सोय आहे आणि मालकीणबाई मराठीत बोलतात. आईला मेन्यूकार्ड वाचून निवड करावी लागत नाही, हाही फायदाच. दोन रात्री पुरे. मंगळवारी निघा, गुरुवारी परत या. शनिवार-रविवारी तिथे समुद्रावर घोडे, स्कूटर आणि कर्णे असतात.

मांडव्याची बोट मजेची खरी, पण गाडी, धक्का, बोट, पुन्हा गाडी, एवढ्या चढउतारात माणूस गोंधळतो. तू आपली गाडीच घे. शिवडीहून अटल सेतू धरलास की चिर्ल्याला उतरून गोवा महामार्ग, पेण, वडखळ, पोयनाड. तीन तास धर, वडखळला गाड्या तुंबल्या तर थोडे जास्त. सेतू जवळपास २२ किलोमीटरचा आहे आणि त्यावर थांबता येत नाही, म्हणून घरून निघताना तिला बाथरूमला जाऊन येऊ दे. पुढचा थांबा पेणच्या आसपास, स्वच्छ संडास असलेल्या उपाहारगृहात. तू बायकांच्या बाजूला आत जाऊ शकत नाहीस. आई एकटी आत गेली आणि दुसऱ्या दाराने बाहेर आली तर तुला कळणारही नाही. एवढ्या एका कारणासाठी मावशीला बरोबर ने. पण आधी तिच्याशी बोल. धाकट्या बहिणींना "अगं ताई, तसं नव्हतंच ते!" म्हणायची फार हौस असते. तीन दिवस तेवढं गिळायला सांग.

आईला गाडी लागते म्हणून उलटीची गोळी द्यायची का, असं विचारलंयस. दुकानात सहज मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत प्रोमेथाझिनसारखी औषधं असतात. त्यांनी झोप येतेच, शिवाय स्मरणाचा आजार असलेल्या माणसाचा गोंधळ चांगलाच वाढू शकतो. स्मरणासाठी चाललेल्या गोळीच्या ती नेमकी उलट दिशेने काम करतात. सर्दीच्या काही गोळ्यांचंही तेच. तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही देऊ नकोस. पुढच्या सीटवर बसव, काच थोडी खाली ठेव, आलेपाक दे. पाणी मात्र कमी करू नकोस. वाटेत लघवीला जावं लागेल म्हणून सकाळपासून पाणी तोडणारे बरेच असतात आणि संध्याकाळी माणूस असंबद्ध बोलायला लागला की आजार वाढला असं समजतात.

आता खोली. आरक्षणाआधी मालकीणबाईंना फोन कर आणि खोलीचे फोटो मागव. तळमजला, इंग्रजी संडास आणि त्याचं दार पलंगावरून दिसणारं, या तीन गोष्टींत तडजोड नको. रात्री दोन वाजता जाग आली की तिला आठवून काही करता येणार नाही, समोर दिसेल तेच करता येईल. म्हणून संडासातला दिवा रात्रभर चालू ठेव आणि दार अर्धवट उघडं. घरी ती पलंगाच्या ज्या बाजूने उतरते तीच बाजू इथे मोकळी राहील असा पलंग निवड किंवा सरकवून घे. घरची चादर, उशीचा अभ्रा, गोधडी, पाण्याचा तांब्या आणि तिचं गजराचं घड्याळ बरोबर ने. चादर नवी धुतलेली नको, वापरातली ने. वास ओळखीचा असतो. बाथरूमची आतली कडी घट्ट असेल तर तिच्यावर चिकटपट्टी लाव, म्हणजे ती आत अडकणार नाही. तिथले नळ घरच्यासारखे नसतील तर गरम पाणी मावशीने बादलीत काढून द्यावं. खोलीच्या दाराला आतून घुंगरू बांध. रात्री दार उघडलं तर मावशीला जाग येईल आणि तिला कुलपात ठेवल्यासारखंही वाटणार नाही.

दाराच्या आतल्या बाजूला ठळक अक्षरांत कागद लाव: "आई, आपण नागावला आलोय. मी शेजारच्या खोलीत आहे. तुझ्याजवळ मावशी झोपलीय. गुरुवारी जेवून घरी जायचं." तू लिही, तुझ्या अक्षरात. तिला अजून वाचायला उत्तम येतं, त्याचा उपयोग करून घे. तीच चिठ्ठी तुझ्या फोन नंबरासकट तिच्या पर्समध्येही असू दे. रोज सकाळी तिचा एक फोटो काढ, म्हणजे त्या दिवशी कोणती साडी नेसली आहे ते तुझ्याकडे राहील. लागला तर ११२ ला सांगताना तो कामाला येतो.

दिवस दादरचाच ठेवायचा, फक्त वाडीत. सहाला चहा, साडेसातला अंघोळ, मग पूजा, साडेबाराला जेवण, झोप, चारला चहा. गोळीची वेळ घरी जी आहे तीच. मालकीणबाईंना हे आधी सांग, कारण गावात पाहुण्यांना जेवायला दोन वाजतात. सकाळी साडेआठला निघालात की साडेअकरा-बारापर्यंत पोचाल. खोली तेव्हा तयार हवी, हेही बोलून ठेव. अंधार पडल्यावर नव्या जागी पोचायचं नाही, कारण पहिली ओळख उजेडात झालेली बरी. दिवसाला एकच कार्यक्रम. पहिल्या दिवशी वाडीत फेरी, दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र. अलिबागचा किल्ला नको, कनकेश्वरच्या पायऱ्या तर मुळीच नकोत.

जपायची वेळ संध्याकाळची. ऊन उतरलं, सावल्या लांबल्या की अशा माणसांना चलबिचल होते. आई उठून पिशवी भरायला लागेल, "घरी जाऊ या" म्हणेल. म्हणून साडेपाचला फिरून परत या आणि अंधार व्हायच्या आधीच खोलीतले सगळे दिवे लावा. मग तिचा नेहमीचा दिवा, उदबत्ती आणि रामरक्षा. सकाळी काय खाल्लं ते न आठवणारी माणसं रामरक्षा सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणताना मी पाहिली आहेत. तू फक्त पहिला शब्द उचल. त्यानंतर जेवण आणि तिची मालिका. हो, टीव्ही आहे का तेही विचार. सुट्टीत टीव्ही कशाला, असं मनात आणू नकोस.

तरीही "घरी कधी जायचं?" आलंच तर आधी बघ: बाथरूमला जायचंय का, भूक लागलीय का, दमलीय का, खोलीत अंधार आहे का. बहुतेकदा त्यातलंच काहीतरी असतं. मग सांग, "गुरुवारी जेवून निघायचं," आणि चिठ्ठी दाखव. पुन्हा विचारलं तर तेच शब्द, त्याच आवाजात. "आत्ताच तर सांगितलं" हे वाक्य तीन दिवस बंद. "आठवतं का?" हेही बंद. समुद्रावर "काल इथे आलो होतो, आठवतंय ना?" असं म्हटलंस की तिची परीक्षा होते. "कालच्यासारखीच हवा आहे आज" म्हटलंस की तिला बोलायला जागा मिळते.

तिला कधी सांगायचं? जायचं की नाही आणि कुठे, हे आत्ताच विचार. निर्णय तिचाही आहे आणि ती अजून तो घेऊ शकते. तारीख मात्र दोन दिवस आधी कॅलेंडरवर लिही. पंधरा दिवस आधी कळलं तर ती रोज पिशवी भरेल आणि रोज उपसेल. पिशवी तिनेच भरू दे, तू शेजारी बस.

नागावच्या आधी एक रात्र मावशीकडे ठाण्याला राहून बघा. रात्री तिला संडास सापडला का, सकाळी उठल्यावर घाबरली होती का, घरी परतल्यावर पूर्ववत व्हायला किती वेळ लागला, एवढं टिपून ठेव. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती नेहमीसारखी झाली तर नागावला खुशाल जा. दोन-तीन दिवस विस्कटलेली राहिली तर मुक्काम रद्द. मग नुसता सकाळी जाऊन संध्याकाळच्या आत परतण्याचा बेत करू. गेल्या काही दिवसांत औषध बदललं असेल तरीही थांब.

आणि तिथे असताना काही तासांतच ती एकदम वेगळी वागायला लागली, गुंगीत गेली, भलतंच दिसतंय म्हणाली, तर त्याला सुट्टीचा परिणाम समजून बसू नकोस. असं अचानक होण्यामागे लघवीचा संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठ किंवा एखादं औषध असू शकतं. त्याच दिवशी अलिबागला डॉक्टरांना दाखव. गोळ्यांची यादी तुझ्या पाकिटात असू दे.

तुम्ही नसताना घराला रंग देऊन घ्यायचा, हे तू शेवटी जाता जाता लिहिलंयस. ते मात्र अजिबात नको. परत आल्यावर तिला तिचं कपाट, तिची खुर्ची, ओट्यावरचे डबे जिथल्या तिथे हवेत. कामवाल्या मावशींनाही सांग, आवराआवर नको. शुक्रवार मोकळा ठेव, पाहुणे नकोत.

मालकीणबाईंनी खोलीचे फोटो पाठवले की मला पुढे कर. पलंगावरून संडासाचं दार दिसतंय की नाही, एवढं मी बघून सांगते.

तुझी,
काकू