अध्यक्षांच्या चिरंजीवांचा पगार आणि तुमची देणगी

प्रश्न: मार्च 2025 मध्ये साताऱ्यातल्या एका ट्रस्टला 50,000 रुपये दिले. ते टॅक्समधून पूर्ण वजा होतात का? आणि धर्मादाय संस्थांना करमाफी द्यायची तर एवढ्या अटी कशाला?

पूर्ण नाही, बहुतेक निम्मेच. इतर वजावटींनंतर उत्पन्न 7 लाख धरू. त्याच्या 10 टक्के, म्हणजे 70,000 पर्यंतच देणगी विचारात घेतात. तुमचे 50,000 त्यात बसतात, त्यातले 25,000 वजा होतील आणि उपकरासह 5,200 रुपये वाचतील. तेही जुनी करप्रणाली निवडली तर. रोख दिले असतील तर विसरा, 2,000 च्या वर रोख चालत नाही.

आता अटींचं. सांगलीत एका वाचनालयाच्या ट्रस्टवर मी खजिनदार होतो. अध्यक्षांनी स्वतःच्या चिरंजीवांना व्यवस्थापक नेमलं, पगार 30,000. आधीचे व्यवस्थापक तेच काम 12,000 त करायचे, शिवाय संध्याकाळी कुलूप लावायला थांबायचे. हे साहेब दुपारी येऊन पेपर चाळून जात. मी बैठकीत विषय काढला तर उत्तर मिळालं, "ही संस्था आमच्या घराण्याने उभी केली." टाळ्याही पडल्या!

घराण्याने उभी केली असेल, पण करमाफी सरकारी तिजोरीतून येते. तुमचे वाचलेले 5,200 बाकीच्या करदात्यांनी सोसले. ट्रस्टला स्वतःच्या उत्पन्नावर माफी मिळते ती वेगळीच. म्हणून 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 13 विश्वस्त आणि त्यांच्या नातलगांचा फायदा पकडतं. आमच्याकडे जादा पगार महिना 18,000, वर्षाला 2,16,000. त्यावर 30 टक्के दराने 64,800 कर, वर उपकर. शिवाय पहिल्या वेळी त्या रकमेइतकाच, म्हणजे आणखी 2,16,000 दंड होऊ शकतो, पुन्हा सापडलं तर दुप्पट. आणि हे भरायचं कुठून? पुस्तकांच्या पैशातून! 2022 च्या दुरुस्तीआधी तर अशा प्रकारात सगळ्या उत्पन्नाचीच माफी जायची. आमच्या सीएंनी हे लेखी दिलं, तेव्हा पगार खाली आला. मी मात्र पुढच्या निवडणुकीत पडलो.

नातलगाला नोकरी द्यायला बंदी नाही, हेही सांगतो. कामाच्या मानाने पगार वाजवी हवा, एवढंच. ट्रस्टने वर्षाच्या उत्पन्नातला 85 टक्के भाग धर्मादाय कामावर खर्च करायची अटही आहे. मोठ्या बांधकामासाठी पैसे साठवायचे तर आधी कारण कळवून पाच वर्षांपर्यंत ठेवता येतात. निम्म्याचा हिशोबही सगळीकडे लागू नाही, मुख्यमंत्री सहाय्यता निधीला दिलेले पूर्ण वजा होतात.

ट्रस्टकडून फॉर्म 10बीई, म्हणजे देणगीचं प्रमाणपत्र घ्या. साधी पावती पुरत नाही, कारण तुमचा पॅन आणि रक्कम त्यांनीच 31 मेपर्यंत खात्याला कळवायची असते. तो मागताना लेखापरीक्षण अहवालही मागा. विश्वस्तांच्या नातलगांना काय दिलं, ते त्यात लिहावं लागतं. कोणी घराण्याचा इतिहास सांगू लागलं तर तेच पान उघडायला सांगा.