कन्फ्यूशियसने ते वाक्य कोणाला सांगितलं?

प्रश्न: 'जे स्वतःला नको, ते दुसऱ्यावर लादू नका' हे कन्फ्यूशियस नेमकं कोणाला आणि कशावरून म्हणाला?

त्झकोंग नावाच्या शिष्याला. 'लुन्यू' या कन्फ्यूशियसच्या वचनांच्या संग्रहात, 15व्या भागात, तो विचारतो, जन्मभर आचरावा असा एखादाच शब्द आहे का? गुरू म्हणतात, तो 'शू' असेल बहुधा, म्हणजे स्वतःवरून दुसऱ्याला ओळखणं; आणि लगेच हे वाक्य येतं.

खरी गंमत 5व्या भागात आहे. तिथे त्झकोंग स्वतःच सांगतो, लोकांनी माझ्यावर जे लादू नये असं मला वाटतं, ते मीही त्यांच्यावर लादू इच्छित नाही. शाबासकी मिळेल असं वाटतं ना? गुरू फटकन म्हणतात, हे अजून तुझ्या आवाक्यातलं नाही! त्झकोंग बोलण्यात तरबेज, व्यापारात पैसा कमावलेला आणि माणसांची तुलना करत बसणारा. त्यावरूनही गुरूंनी त्याला टोमणा मारलाय की, मला बुवा एवढा वेळ नाही. मात्र भागांचा क्रम काळानुसार नाही, त्यामुळे यातला कुठला संवाद आधी झाला ते त्यावरून ठरवता येत नाही.

12व्या भागात हेच वाक्य चोंगकोंग या दुसऱ्या शिष्याला सांगितलंय, पण तिथे रोख कारभाराकडे आहे. घराबाहेर पडताना मोठ्या पाहुण्याला भेटायला निघाल्यासारखं वाग, लोकांना कामाला लावताना मोठा यज्ञ चालवत असल्यासारखं जप, आणि मग हे वाक्य. असं वागलास तर राज्यात किंवा घराण्यात कोणाचा रोष ओढवणार नाही. लोकांकडून सक्तीने काम करून घेण्याचा तो काळ, तेव्हा 'लादणं' तिथे अगदी शब्दशः घ्यायला हरकत नाही.