गाजराला पाय फुटले? औषध नको, कात्री घ्या

प्रश्न : साहेब, आम्ही निपाणीजवळ राहतो. गच्चीवर तेलाच्या पत्र्याच्या डब्यांत गाजर आणि मुळा लावलाय. माती आमच्याच शेताची, शेणखत भरपूर घातलंय. पाला गुडघ्याला लागतोय, पण गाजर उपटलं की दोन पाय, तीन पाय, एकाला तर पाच. मुळ्याचंही तेच. दुकानदार म्हणाला, मुळं वाढायचं टॉनिक सोडा, वरून चमचाभर युरिया द्या आणि मातीत दाणेदार औषध टाका. टाकू का?

उत्तर : टाकू नका, ताई. तिन्हीतलं एकही नको. आणलं असेल तर पुडी न फोडता परत करा.

गाजराचं सोटमूळ आधी खाली जातं आणि मग जाड होतं. उगवल्यापासून तीन-चार आठवड्यांत ते लांबीला जवळजवळ पूर्ण होतं. तेव्हा ते सुतळीच्या धाग्याएवढं असतं. त्या धाग्याचं टोक खड्यावर आपटलं, कच्च्या शेणात भाजलं किंवा शेजारचं रोप उपटताना तुटलं, की बाजूची मुळं पुढे सरसावतात आणि तीच जाड होतात. म्हणजे तुम्हाला अडीच महिन्यांनी दिसलेला फाटा पहिल्या महिन्यातच पडलेला असतो. नंतर कुठलंही टॉनिक ओता, दोन पायांचं एक होत नाही. दुकानदाराला हे माहीत नसतं, किंवा माहीत असून बाटली खपवायची असते.

आता उपटलेली गाजरं फेकू नका. धुऊन ओळीनं मांडा आणि फाटा कुठे पडलाय ते बघा. सगळ्यांना एकाच खोलीवर फाटा असेल, तर डब्यात तिथे कडक थर आहे. कुणाला वर, कुणाला खाली असेल, तर खडे आणि ढेकळं आहेत. वरच्या दोन बोटांतच पाच-सहा पाय आणि अंगभर केसासारखी मुळं असतील, तर खत कच्चं होतं किंवा नत्र जास्त झालं. दोन गाजरं एकमेकांना पिळा घालून बसली असतील, तर विरळणी झालेली नाही. बारीक मुळांवर मोहरीएवढ्या गाठी असतील तरच सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे. दाणेदार औषधाचा विचार दुकानदाराला सुचतो तो या शेवटच्यासाठी, आणि तो ते गाठी न बघताच देतो.

तुमच्यासारखाच एक डबा मी चिकोडीकडच्या एका घरी आडवा करून रिकामा केला होता. आत शेतातली काळी माती, वरून दाबून भरलेली. पाणी रोज तांब्यानं वरून ओतलेलं. वीतभर खाली पाटीसारखा थर झाला होता, बोट घुसेना. त्या डब्यातल्या प्रत्येक गाजराला त्याच खोलीवर फाटा होता. तळाशी तीन बोटं विटांचे तुकडे, ‘पाणी निचरावं म्हणून’. त्या तुकड्यांनी निचरा होत नाही, उलट त्यांच्या वरच्या मातीत पाणी धरून राहतं आणि मुळाची खोली तेवढी कमी होते. तळाला खिळ्यानं आठ-दहा भोकं पाडा, त्यावर जाळीचा एक तुकडा ठेवा, बास. विटा नकोत, खापऱ्यांचा थर नको.

त्याच घरी पुढच्या हंगामात काय केलं ते सांगतो, तसंच करा.

15 किलोचा तेलाचा डबा साधारण 35 सेंटिमीटर उंच असतो. वरची तीन-चार बोटं पाण्यासाठी सोडली तरी फूटभर माती मिळते. एवढ्या खोलीत नॅन्टेस जातीचं, वीतभर लांबीचं गाजर बसतं. लांब, लालभडक देशी गाजर यात लावू नका, त्याला दीड फूट खोलीचा ड्रम हवा. दुकानात जे पाकीट पुढे येईल ते घेऊ नका, जातीचं नाव आणि पाकिटावरची तारीख वाचून घ्या. गाजराचं बी जुनं झालं की उगवत नाही. मुळ्याला पुसा चेतकी चालेल, किंवा बेंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेची अर्का निशांत. अर्का निशांतला फाटे कमी पडतात, पण ती लांब जाते, म्हणून तीही ड्रममध्येच.

मातीचं मिश्रण पाटीच्या मापानं : तांबडी माती दोन पाट्या, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक, भाताचं करपवलेलं तूस एक, जाड वाळू एक. तांबडी माती खानापूरकडून येणाऱ्या कुणाला सांगून आणता येते. तुमच्याकडची काळीच वापरायची असेल तर ती एकच पाटी घ्या आणि तूस दोन. काळ्या मातीत नुसती ओंजळभर वाळू घातली तर माती सैल होत नाही, वाळल्यावर विटेसारखी घट्ट होते. तूस गिरणीवर मिळतं. ते राख होईपर्यंत जाळू नका, काळं पडलं की पाणी मारून विझवा. कोकोपीट मिळत असेल तर तुसाऐवजी चालतं, पण ते दोनदा धुऊन घ्या, त्यात मीठ असतं.

हे सगळं चाळायचं. गवंड्याची पाव इंची जाळीची वाळूची चाळण असते, तीच. खतसुद्धा चाळायचं. चाळणीवर राहिलेलं टोमॅटोच्या कुंडीत टाका. शेणखत हातात घेतल्यावर वास आला किंवा आत गवताची काडी ओळखू आली, तर ते गाजराचं खत नाही. आमच्या भागात साखर कारखान्यात उसाचा रस गाळून उरलेला गाळ, म्हणजे मळी, फुकटात मिळते म्हणून कुणीतरी ती भरतं. ताजी मळी तापते, मूळ भाजतं. वर्षभर कुजवल्याशिवाय नको. डबा भरताना हातानं दाबू नका. भरून दोनदा पाणी द्या, माती आपोआप बसेल, मग कमी पडलेली वर घाला. पत्र्याचा डबा उन्हात तापतो, म्हणून बाहेरून गोणपाट गुंडाळा.

बी जागेवरच टाका. गाजराची रोपं ट्रेमध्ये करून लावायला काही रोपवाटिकावाले सांगतात, त्यांचं ऐकू नका. उपटून लावलेल्या गाजराचं टोक तुटलेलंच असतं. अर्धा ते पाऊण सेंटिमीटर खोल, वर चाळलेली माती, त्यावर ओलं गोणपाट. झारीनंच पाणी. गाजर उगवायला आठवडा ते दोन आठवडे घेतं, तेवढ्यात माती एकदाही वाळली तर बी गेलं. सहाव्या दिवसापासून रोज गोणपाट उचलून बघा. हिरवा ठिपका दिसला की त्याच संध्याकाळी काढा, एक दिवस उशीर झाला तरी रोपं लांबुळकी होतात. मुळा तीन-चार दिवसांत येतो, त्याला एवढे लाड लागत नाहीत.

आता विरळणी, आणि इथे माझा एकच हट्ट आहे : कात्री. रोप उपटायचं नाही, मातीलगत कापायचं. गाजराची रोपं दाट असताना मुळं गुंतलेली असतात, एक उपटलं की शेजारचं हलतं आणि त्याचा धागा तुटतो. विरळणी केली तरी फाटे पडले असं जे सांगतात, ते बहुतेक उपटणारे असतात.

गाजराला दोन खरी पानं आली, म्हणजे उगवून दोन-तीन आठवडे झाले, की बोटभर अंतर ठेवून बाकीची कापा. आणखी दोन आठवड्यांनी पुन्हा कापा. शेवटी एका डब्यात नऊ गाजरं राहिली पाहिजेत, तीन रांगा, रांगेत तीन. जीव दुखतो हे मला माहीत आहे. त्या चिकोडीच्या घरीही आजी म्हणाल्या, ‘पोरं कापल्यागत वाटतंय.’ त्यांनी एक डबा न कापता तसाच ठेवला. त्यात तीसेक गाजरं झाली, करंगळीएवढी, पिळा घातलेली. कापलेल्या डब्यात नऊ झाली, आठ सरळ, एकाला शेंड्याशी छोटा फाटा.

मुळ्याची विरळणी लवकर, आठव्या-दहाव्या दिवशी, आणि शेवटी डब्यात चारच. कापलेल्या कोवळ्या पाल्याची भाजी करता येते, पण बी रंगीत, म्हणजे औषध लावलेलं असेल, तर तो कोवळा पाला खाऊ नका.

युरियाचा हिशोब करून दाखवतो, म्हणजे चमचा हातात घेताना आठवेल. शेतात गाजराला एकरी दीड गोणीच्या आसपास युरिया पुरतो, तोही हप्त्यानं. तुमच्या डब्याचं तोंड वीत गुणिले वीत. त्याला हिशोबानं संपूर्ण हंगामात एक ग्रॅमही लागत नाही. चहाचा चमचा म्हणजे चार ग्रॅम. तो डब्यात टाकणं म्हणजे एकरात जवळजवळ सात गोण्या फेकणं. शेतात तुम्ही असं कराल का? मिश्रणात एक भाग कुजलेलं खत आहे, गाजराला तेवढं पुरतं. तुमचा गुडघाभर पाला हीच जास्त नत्राची खूण आहे. दुकानदार त्याला ‘जोमदार वाढ’ म्हणतो. फार तर पेरताना चुलीची चाळलेली राख मूठभर मिसळा.

दाणेदार औषधाबद्दल स्पष्ट सांगतो. फोरेटवर 2020 अखेरपासून देशभर बंदी आहे, तरी जुना माल सुट्या पुडीत कुठेकुठे मिळतो. दुसरं कुठलंही सुटं दाणेदार औषध घरी खायच्या, तेही दीड महिन्यात उपटायच्या मुळ्याच्या डब्यात घालायचं नाही. मुळ्याला चिकटलेली माती तुम्ही हातानं धुता आणि मुलं तो मुळा कच्चा खातात. सूत्रकृमीच्या गाठी खरंच दिसल्या तर ती माती टाकून द्या, किंवा एप्रिल-मेमध्ये ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली महिनाभर तापवा. शेतातल्या शंभर ट्रॉल्या बदलता येत नाहीत, डबा बदलता येतो.

वेळ चुकवू नका. आपल्याकडे पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत गाजर पेरा, दर पंधरा दिवसांनी एक-दोन डबे. जूनमध्ये ‘चालतंय की’ म्हणून बी विकलं जातं. भर पावसात डबा तुंबतो, मूळ कुजतं आणि तिथून फाटे येतात. चेतकी मुळा मात्र उन्हाळ्यातही येतो.

अनुदानाचंही पुष्कळजण विचारतात. बागायत खात्याच्या योजनांना एफआयडी, म्हणजे शेतकऱ्याचा ओळख क्रमांक, आणि जमिनीचा उतारा लागतो, आणि गच्चीवरच्या डब्याचा उतारा निघत नाही. शेतातल्या पिकासाठी हवं असेल तर रयत संपर्क केंद्रावर कागद घेऊन जा, दुकानदारामार्फत अर्ज भरू नका.

सध्याच्या डब्यांतली फाटलेली गाजरं काढून हलव्याला वापरा, चवीत फरक नाही. डबे रिकामे करा, माती फोडून उन्हात पसरा, विटा बाजूला काढा. चेतकी मुळा 45 दिवसांच्या पुढे ठेवू नका, मोठा होईल म्हणून थांबलात तर आतून भेंडासारखा पोकळ होतो, आणि मग दुकानदार त्याचंही औषध देईल.