शिरपूर, ता. मालेगाव म्हणजे कुठलं शिरपूर?

"जुन्या कागदावर 'शिरपूर, ता. मालेगाव' लिहिलंय. हे धुळ्याजवळचंच शिरपूर ना? लोकसंख्या, पिनकोड टाकायचाय."

नाही भाऊ, ते वाशिम जिल्ह्यातलं शिरपूर, ज्याला शिरपूर जैन म्हणतात. मी धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचाच, म्हणून सांगतो, इथे भलेभले फसतात कारण मालेगावपण दोन आहेत, एक नाशिक जिल्ह्यातलं पॉवरलूमवालं आणि एक वाशिम जिल्ह्यातलं, आणि आपल्या डोक्यात काय बसलंय तर आग्रा रोडवर शिरपूर, मग धुळे, मग मालेगाव, त्यामुळे दोन्ही नावं एकत्र दिसली की आपलीच वाटतात. पण आपलं शिरपूर स्वतःच तालुका आहे, ते मालेगाव तालुक्यात असणारच कसं?

एकदा आमच्या स्टँडवर एक म्हातारं जोडपं उतरलं, हातात चिठ्ठी, त्यावर नुसतं 'शिरपूर, अंतरिक्ष पार्श्वनाथ'. रिक्षावाला म्हणे, "बाबा, ते शिरपूर आठलं नही, वाशिमकडलं शे." बिचारे रात्रभर प्रवास करून आलेले. चिठ्ठीवर जिल्हा असता तर तिकीट काढतानाच कळलं असतं.

आता तुमचं काम. नेटवर नुसतं शिरपूर टाकलं तर आमचंच वर येतं, तो आकडा उचलू नका. 'शिरपूर, ता. मालेगाव, जि. वाशिम, महाराष्ट्र' असं पूर्ण टाका. राज्यपण लिहा, कारण छत्तीसगडमध्ये लक्ष्मण मंदिरवालं सिरपूर आहे, तेलंगणातही सिरपूर आहे आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये स-शची गल्लत होते. पिनकोड मिळाला की सुरुवात बघा, आमचा ४२५४०५, विदर्भातला ४४ ने सुरू होतो. ४२ दिसला तर चुकीच्या गावात शिरलात. जनगणनेत आमचं गाव 'शिरपूर-वरवाडे' नावाने, नगरपरिषद म्हणून लागतं, २०११ ला पाऊण लाखाच्या वर लोकसंख्या, तेव्हा तेवढा मोठा आकडा आला तरी समजून जा.

एक अडचण येईल. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला, म्हणून कागद त्याच्या आधीचा असेल तर त्यावर जि. अकोला असेल आणि १९९१ च्या जनगणनेतही गाव अकोल्यातच शोधावं लागेल. ते तिसरं शिरपूर नाही, तेच आहे. (आपलं नंदुरबारही त्याच दिवशी धुळ्यातून निघालं.)

आणि नदीवरून ओळखू म्हणाल तर तेही जमत नाही, आमच्या शिरपूरला अरुणावती आहे आणि वाशिम जिल्ह्यातही अरुणावती आहे, फक्त आमची तापीला मिळते आणि तिकडची पैनगंगेला. कागदावर जिल्हा खरंच नाहीये का? शिक्क्यात बघा, बऱ्याचदा तिथे असतो.