मी गरोदर नाही, तरी गरोदर असल्याची नाहीतर बाळाची स्वप्नं पडतात. ही नव्या सुरुवातीची खूण म्हणायची का?

असते, पण बाळ दिसलं एवढ्यावरून काहीच ठरत नाही. त्या बाळाचं स्वप्नात काय चाललं होतं, ते बघा.

मी ब्लाउज शिवते. घरातलं काम वाढलं म्हणून गाळा भाड्याने घेतला, डिपॉझिट भरलं, ओव्हरलॉक मशीनही आणलं. मग विजेच्या मीटरचं काम रखडलं आणि गाळा कुलपातच राहिला. त्या दिवसांत एकच स्वप्न सारखं पडायचं. अस्तराच्या कापडांचा खण उघडते, तर खाली तान्हं बाळ. अंग कोमट, ओठ सुकलेले. माझंच आहे, आणि मी त्याला दूध पाजायला विसरलेय. छाती धडधडत जाग यायची.

जाऊबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मनातून मूल हवंय तुला, कबूल कर." मूल नको हे आम्ही दोघांनी लग्नाआधीच ठरवलेलं. तरी पुढे प्रत्येक सणावाराला ते स्वप्न पुराव्यासारखं माझ्यासमोर ठेवलं गेलं.

स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगने बालकाच्या प्रतिमेवर १९४० मध्ये सविस्तर लिहिलं. स्वप्नातलं मूल म्हणजे पुढे घडू पाहणारं काहीतरी, हे त्याचंच म्हणणं. पण ते मूल टाकून दिलेलं, धोक्यात सापडलेलं असतं, हेही तो तिथेच सांगतो. लोक पहिलं वाक्य उचलतात आणि दुसरं सोडतात. माझ्या खणातलं उपाशी बाळ म्हणजे तो बंद गाळाच. मीटर बसला, मशीन सुरू झालं आणि ते स्वप्न थांबलं.

स्वप्न कुणाला पडलं हेही बघावं लागतं. दुसऱ्या शतकातला ग्रीक स्वप्नमीमांसक आर्टेमिडोरस म्हणतो, आपण गरोदर आहोत असं गरीब पुरुषाला दिसलं तर पैसा मिळेल, श्रीमंताला दिसलं तर काळजी लागेल. त्याची भाकितं मी मानत नाही, पण एकाच चित्राचा सगळ्यांना एकच अर्थ त्यानेही लावला नाही.

पहाटेचं स्वप्न उठल्यावर लगेच निसटतं, म्हणून अंथरुणातच लिहून काढा: बाळ कुठे होतं, कुणाच्या हातात होतं, तुम्हाला आनंद झाला की धास्ती वाटली. मग सध्या हाती घेतलेलं आणि अडकलेलं काम कोणतं, ते आठवा.

पाळी चुकली असेल तर मात्र आधी टेस्ट करा. गर्भपात झाला असेल किंवा मूल होण्यासाठी उपचार चालू असतील, तर हे सगळं बाजूला ठेवा. तिथे बाळ म्हणजे बहुधा बाळच असतं, आणि झोप उडत असेल तर समुपदेशकाशी बोला.

आणि स्वप्न सांगायला माणूस निवडून घ्या. ज्यांना तुमचा निर्णय आधीच खटकतो, त्यांना तर सांगूच नका. जाऊबाईंना मी आजही हेच सांगते: माझ्या झोपेचा अर्थ मी लावीन, आणि मुलाचं काय ते आम्ही दोघांनी जागेपणी ठरवलंय.