दहा वर्षांचा बाँड, सहा महिन्यांचं ड्युरेशन

«मॅडम, मी एम.कॉम. आहे आणि बँकेच्या ट्रेझरीत नोकरी शोधतोय. परवा मुलाखतीत विचारलं, दहा वर्षं मुदतीच्या फ्लोटिंग रेट बाँडचं ड्युरेशन किती? मी साडेसात वर्षं सांगितलं. ते म्हणाले, अर्ध्या वर्षाहून कमी. मग रिसेटच्या दिवशी त्याची किंमत शंभराजवळ का असते असं विचारलं, ते मला सांगता आलं नाही. पुढची मुलाखत पंधरा दिवसांवर आहे. काय वाचू?» – एक विद्यार्थी, नाशिक

नवीन काही वाचू नकोस. कागद-पेन घे आणि हा हिशोब शेवटाकडून सुरू कर. सगळे पुढून सुरू करतात आणि अडकतात, कारण पुढची एकोणीस कूपनं किती असतील ते कुणालाच माहीत नसतं. शेवटाकडून आलं की ती माहीत असण्याची गरजच उरत नाही.

दर सहा महिन्यांनी व्याज देणारा, 100 रुपये दर्शनी मूल्याचा बाँड घे. शेवटचे सहा महिने उरलेत आणि आज रिसेट आहे, म्हणजे पुढच्या कूपनाचा दर आज नव्याने ठरतो. बाजारातला सहा महिन्यांचा दर वार्षिक 6 टक्के, म्हणून कूपन ठरलं 3 रुपये. मुदतीअखेर हातात 103 येतील. बाजारही सहा महिन्यांसाठी 3 टक्केच मागतोय, म्हणून आजची किंमत 103 भागिले 1.03, म्हणजे 100. दर 9 टक्के असता तर 104.50 भागिले 1.045, पुन्हा 100. दर काहीही असो, त्या दिवशी किंमत शंभरच, कारण ज्या दराने कूपन ठरतं त्याच दराने आपण भागतो.

आता एक रिसेट मागे ये. सहा महिन्यांनी तुला कूपन मिळेल आणि वर 100 रुपये किमतीचा कागद हातात असेल. म्हणजे मघाचाच हिशोब. असं एकेक पाऊल मागे येत आजच्या रिसेटपर्यंत पोहोच. किंमत 100 च येते.

ड्युरेशन म्हणजे दर हलला की किंमत किती हलते याचं माप, आणि त्याचं उत्तर यातच आहे. पुढच्या रिसेटला किंमत शंभरावर परत येणार असेल, तर आज तू प्रत्यक्षात सहा महिन्यांनी 103 देणारा कागद धरून आहेस. रिसेट झाल्या झाल्या दर 6 वरून 7 टक्के झाला, तर किंमत 103 भागिले 1.035, म्हणजे साधारण 99.52. तोटा 48 पैसे. ठरावीक 6 टक्के व्याजाचा दहा वर्षांचा बाँड त्याच धक्क्याने 92.89 वर येतो, सात रुपयांहून जास्त खाली. म्हणून रिसेटच्या दिवशी मॅकॉले ड्युरेशन अर्धं वर्ष, मॉडिफाइड 0.485, तीन महिन्यांनी याच्या निम्मं, आणि पुढच्या रिसेटच्या आदल्या दिवशी जवळपास शून्य. पुढच्या रिसेटला ते पुन्हा अर्ध्या वर्षावर जातं.

इथवर सांगितलंस की चांगलं पॅनेल पुढचा प्रश्न विचारणारच: मग यात धोका काहीच नाही का? माझ्या मते उमेदवाराची खरी परीक्षा इथे होते.

वरच्या हिशोबात एक गृहीत दडलेलं आहे. बाँड जो दर देतो तोच दर बाजार त्या बाँडकडून मागतो, असं आपण धरलं. प्रत्यक्षात कूपनाचे दोन भाग असतात. भारत सरकारच्या अलीकडच्या फ्लोटिंग रेट बाँडमध्ये पायाभूत दर हा 182 दिवसांच्या ट्रेझरी बिलांच्या मागच्या तीन लिलावांतल्या यिल्डची सरासरी असतो आणि तो दर सहा महिन्यांनी बदलतो. त्यावरचा स्प्रेड मात्र बाँड विकताना लिलावात ठरतो आणि मुदत संपेपर्यंत तोच राहतो. पायाभूत दर बाजाराबरोबर हलतो, स्प्रेड हलत नाही.

समज, पायाभूत दर 6 टक्के, स्प्रेड 1 टक्का, दहा वर्षं बाकी. उद्या गुंतवणूकदार म्हणाले, आम्हाला 1.20 टक्के स्प्रेड हवा. ही 20 बेसिस पॉइंटची तूट पुढच्या वीसही कूपनांत राहते, कुठलाही रिसेट ती भरून काढत नाही. पायाभूत दर 6 टक्केच राहील असं धरून एक्सेलमध्ये हे टाक:

```
=-PV(3.6%,20,3.5,100)
```

उत्तर 98.59 येईल. रिसेटच्या दिवशीसुद्धा शंभराखाली 1 रुपया 41 पैसे! म्हणजे व्याजदराच्या धक्क्यासाठी ड्युरेशन अर्ध्या वर्षाचं, पण स्प्रेडच्या धक्क्यासाठी सुमारे सात वर्षांचं. तुझा परवाचा आकडा या दुसऱ्या प्रश्नाला जवळपास बसला असता. 2008 च्या संकटात बँकांच्या फ्लोटिंग रेट नोटा शंभराच्या बऱ्याच खाली गेल्या त्या याच वाटेने. दर कमी होत होते, पण बँकांवरचा विश्वास उडाल्याने मागितला जाणारा स्प्रेड फार वाढला होता.

बाँडला व्याजाची कमाल मर्यादा असेल तर ती मुलाखतीत आधी विचारून घे. दर त्या मर्यादेवर गेला की कूपन वाढायचं थांबतं, आणि तो कागद ठरावीक व्याजाच्या बाँडसारखा पडू लागतो.

पुढच्या पंधरा दिवसांत वरचं सूत्र उरलेली मुदत आणि स्प्रेड बदलून वीसेक वेळा चालव. एक वर्ष बाकी असताना त्याच 20 पॉइंटचा तोटा किती येतो ते बघ, म्हणजे पॅनेलने आकडे बदलून विचारलं तरी तुला साधारण उत्तर तोंडी सांगता येईल.