आमटीत गोडा मसाला कधी घालायचा?

आमटी जळजळीत का झाली, असं विचारलंस. तिच्यात गोड्या मसाल्याऐवजी गरम मसाला घातलास, म्हणून. गोड्या मसाल्यात निम्म्याहून जास्त धणे असतात. शिवाय तीळ, सुकं खोबरं आणि दगडफूल. लवंग, दालचिनी, नागकेशर थोडंच. गरम मसाल्यात खोबरं-तीळ नसतात, धणे असले तरी कमी. जोर वेलची, लवंग, मिरी, दालचिनीचा. म्हणून चमच्याला चमचा बदलता येत नाही.

एक वाटी तूरडाळीच्या आमटीला दीड छोटा चमचा गोडा मसाला पुरतो. फोडणीत शिजलेली डाळ आणि पाणी ओत, चिंचेचा कोळ, गूळ, मीठ घाल आणि उकळी फुटली की मसाला टाक. मग मंद आचेवर सात-आठ मिनिटं उकळू दे. फोडणीच्या तापल्या तेलात तो कधीच टाकू नको: खोबरं आणि तीळ क्षणात करपतात, आणि तो कडवटपणा गुळानेही झाकत नाही. अगदी शेवटी टाकलास तर धण्यांचा कच्चा वास राहतो आणि मसाला तळाशी बसतो.

गरम मसाल्याचं उलट. मटणाच्या रश्श्यात गॅस बंद करायच्या आधी अर्धा चमचा घालून झाकण ठेव. जास्त उकळलास तर वास उडतो. खडे मसाले मात्र सुरुवातीलाच तेलात.

घरात कांदा-लसूण मसालाही असेल. तो आमटीत घालणार असशील तर गोडा अर्धाच घे, नाहीतर लसणापुढे दगडफूल कळणारच नाही.